‘हिंदू’ जुना, ‘हिंदुइझम’ नवा: चौकट कुणी आखली आणि कशी

प्रश्न: हिंदू धर्म हा एकच सलग धर्म आहे ही कल्पना इंग्रज अभ्यासकांनी तयार केली, असं सारखं वाचायला मिळतं. मग एकनाथांनी सोळाव्या शतकात ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला, तो कुठल्या हिंदूचा? नेमकं काय नवीन बनलं आणि कसं, हे कुणी तपशिलात सांगेल का?

उत्तर:

एकनाथांचं भारूड हा या वादातला सगळ्यात सोयीचा पुरावा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. त्यात तुर्क आणि हिंदू एकमेकांची यथेच्छ टर उडवतात. मूर्ती, सोवळं-ओवळं, पश्चिमेकडे तोंड करून केलेली प्रार्थना, काहीच सुटत नाही, आणि शेवटी दोघांची दिलजमाई होते. म्हणजे ‘आपण’ आणि ‘ते’ अशी जाणीव इथल्या माणसाला इंग्रजांच्या कितीतरी आधी होती. विजयनगरचे राजे चौदाव्या शतकातल्या शिलालेखांत ‘हिंदुराय सुरत्राण’ अशी पदवी मिरवतात. तेव्हा ‘हिंदू हा शब्दच इंग्रजांनी दिला’ असं कुणी म्हणालं, तर ते सरळ चूक आहे.

पण त्या भारुडात काय नाही तेही पाहा. या हिंदूचा एक धर्मग्रंथ कोणता, त्याची मान्य तत्त्वं किती, कोण आत आणि कोण बाहेर, याची यादी कुठेच नाही, कारण हा प्रश्नच तेव्हा त्या रूपात कुणाला पडत नव्हता. ‘धर्म’ म्हणजे कुळधर्म, राजधर्म, आश्रमधर्म. तो माणसामाणसाला वेगळा. पंथासाठी ‘संप्रदाय’ किंवा ‘मार्ग’, आणि विचारप्रणालीसाठी ‘दर्शन’. चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त सोळा दर्शनं एका ओळीत मांडली आहेत आणि त्यांत चार्वाक, बौद्ध, जैन हेही बसले आहेत. आज आपण ज्यांना वेगळे धर्म म्हणतो ते तिथे एकाच वादसभेतले प्रतिपक्ष आहेत.

नवीन बनली ती चौकट. धर्म म्हटला की त्याला एक मूळ ग्रंथ असणार, जितकं जुनं तितकं अस्सल, नंतरचं ते बिघडलेलं, आणि प्रत्येक माणूस अशा एकाच धर्माच्या खणात मोजला जाणार. युरोपात प्रोटेस्टंट सुधारणेनंतर ख्रिस्ती धर्माकडे पाहायची जी सवय लागली होती, तीच इथे मापपट्टी झाली. ‘हिंदुइझम’ हा ‘इझम’वाला शब्द १७८७च्या सुमारास कंपनीचा अधिकारी आणि कट्टर इव्हँजेलिकल चार्ल्स ग्रांट याच्या पत्रांत दिसतो. १८१६मध्ये राममोहन रॉय स्वतः तो इंग्रजीत वापरतात. पण शब्दापेक्षा कारभार महत्त्वाचा. चौकट पक्की झाली ती कोर्टकचेऱ्यांत.

१७७२मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालच्या न्यायव्यवस्थेची योजना आखली. वारसा, विवाह, जात आणि इतर धार्मिक रूढी यांबद्दलच्या दाव्यांत मुसलमानांना कुराणाचा कायदा आणि ‘जेंटूं’ना, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजीत हिंदूंना, शास्त्राचा कायदा लागू होईल, असं तिचं कलम. हेतू चांगला होता: इथल्यांना इथलाच कायदा. पण त्या एका वाक्याने दोन गोष्टी गृहीत धरल्या. लोक दोनच गठ्ठ्यांत आहेत, आणि दुसऱ्या गठ्ठ्याचं कुराणासारखं एक ‘शास्त्र’ आहे. ते शास्त्र कुठे आहे असं विचारल्यावर कपाटातून काढून देण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते तयार करावं लागलं. अकरा पंडित बसवले. १७७३ ते १७७५ या काळात त्यांनी वेगवेगळ्या ग्रंथांतली वचनं निवडून ‘विवादार्णवसेतु’ नावाचं संकलन केलं. त्याचं फारसी भाषांतर झालं आणि त्या फारसीवरून नॅथॅनिएल हॅल्हेडने इंग्रजी केलं, जे १७७६मध्ये लंडनला छापलं गेलं. म्हणजे संस्कृतातून फारसीत आणि फारसीतून इंग्रजीत असा प्रवास करून आलेलं पुस्तक न्यायाधीशाच्या टेबलावर ‘हिंदूंचा कायदा’ म्हणून पडलं.

यात पंडितांची फसवणूक झाली किंवा त्यांनी फसवलं असं नाही. धर्मशास्त्रात परस्परविरोधी वचनं शेजारी शेजारी ठेवायची आणि देश, काळ, जात, प्रसंग पाहून निवड करायची, हीच जुनी रीत. धर्मशास्त्रावर संकलनग्रंथ रचणारे निबंधकार तेच करत आले. बिघडलं ते इथे की पंडितासाठी जे वादाचं साहित्य होतं ते इंग्रज न्यायाधीशाने कलमं म्हणून वाचलं. मग दोन कलमं जुळेनात, की पंडित लबाड आहे असा संशय यायचा. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टातला न्यायाधीश विल्यम जोन्स याने संस्कृत शिकायचं एक कारण हेच होतं. पंडितावर विसंबून राहायला नको म्हणून त्याने थेट मनुस्मृती हातात घेतली आणि १७९४मध्ये तिचं भाषांतर प्रसिद्ध केलं. कोल्हापूरच्या शेतकऱ्याने किंवा कोकणातल्या कोळ्याने जिचं कधी नावही घेतलं नसेल, ती मनुस्मृती युरोपात ‘हिंदूंचा कायदा’ ठरली ती या वाटेने.

आपल्याकडे, मुंबई इलाख्यात, गोष्ट थोडी निराळी घडली, आणि बंगालवरच नजर असणारे लेखक ती विसरतात. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने ग्रंथाबरोबर रूढीचीही चौकशी लावली. आर्थर स्टीलने पुण्यात शास्त्र्यांबरोबर जातीजातींच्या मुखत्यारांना विचारून दख्खनमधल्या जातींच्या चालीरीती टिपल्या: पाट, काडीमोड, दत्तक, जातपंचायतीचे दंड. ते संकलन १८२७चं. त्याच वर्षीच्या चौथ्या रेग्युलेशनात क्रम असा घातला की सरकारी कायदा नसेल तिथे आधी देशरूढी, ती नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि तेही नसेल तर न्यायबुद्धी. म्हणजे हिंदूच्या बाबतीत शास्त्र रूढीनंतर, दुसऱ्या पायरीवर. एकच हिंदू कायदा ही गोष्ट अटळ होती असं जे भासवलं जातं, त्याला हा कागद पुरेसं उत्तर आहे. दुसरा रस्ता होता आणि काही काळ तो चाललाही.

तरीही ‘अस्सल हिंदू धर्म’ ही कल्पना मुंबईतच कोर्टाच्या साक्षीपुराव्यात कशी उतरली ते १८६२च्या महाराज लायबल खटल्यात फार जवळून दिसतं. त्यामुळे या एका प्रकरणावर थोडा वेळ घालवायला हवा.

करसनदास मूळजी हा मुंबईतला कपोळ वाणी आणि स्वतः वल्लभ संप्रदायात जन्मलेला. तो ‘सत्यप्रकाश’ हे गुजराती पत्र चालवायचा. २१ ऑक्टोबर १८६०च्या अंकात त्याने लेख लिहिला, त्याच्या मथळ्याचा अर्थ ‘हिंदूंचा असली धर्म आणि हल्लीची पाखंडी मतं’. संप्रदायातले महाराज, म्हणजे वल्लभकुळातले गुरू, भक्तांकडून तन-मन-धन अर्पण करून घेतात आणि त्या नावाखाली त्यांच्या बायकामुलींशी व्यभिचार करतात, असा आरोप त्यात होता, आणि जदुनाथजी महाराजांचं नाव घेऊन होता. महाराजांनी पन्नास हजारांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात मुख्य न्यायाधीश सॉस आणि न्यायाधीश आर्नोल्ड यांच्यापुढे जानेवारी १८६२मध्ये सुनावणी सुरू झाली आणि २२ एप्रिलला निकाल लागला.

व्यभिचार झाला की नाही, एवढाच खरं तर मुद्दा. तो साक्षींनी सिद्ध करता आला असता आणि बराचसा झालाही. पण बचावाने त्याच्या जोडीला दुसरी बाजू उभी केली: हा संप्रदाय अलीकडचा आहे आणि त्याची मतं प्राचीन हिंदू धर्माच्या विरुद्ध आहेत. आता प्राचीन हिंदू धर्म म्हणजे काय हे कोर्टाला सांगणार कोण? साक्षीला उभे राहिलेल्यांत स्कॉटिश मिशनचे रेव्हरंड जॉन विल्सन होते, ज्यांचं संस्कृतचं ज्ञान मुंबईत नावाजलेलं होतं. एका वैष्णव संप्रदायाची मतं अस्सल हिंदू आहेत की नाहीत, याची तज्ज्ञ साक्ष एक ख्रिस्ती मिशनरी देतो, आणि हे त्या दिवशी तिथे कुणालाच फारसं विचित्र वाटत नाही! कारण निकष ठरलेलाच होता. ज्याला जुने ग्रंथ वाचता येतात त्याला धर्म माहीत. रोज हवेलीत, म्हणजे संप्रदायाच्या मंदिरात, सेवा करणाऱ्याला माहीत असते ती फक्त ‘चाल’.

हा निकष त्या संप्रदायाला किती बेताचा लागू पडत होता ते बघा. वल्लभाचार्य (१४७९–१५३१) वेद नाकारत नाहीत. वेद, गीता, ब्रह्मसूत्रं आणि भागवत अशी चार प्रमाणं ते मानतात आणि आधीच्या प्रमाणातली शंका पुढच्याने फिटते असं सांगतात. म्हणजे भागवत सगळ्यांत शेवटी आणि म्हणून निर्णायक. ‘जितकं जुनं तितकं खरं’ या मापपट्टीवर हाच क्रम उलटा होतो: भागवत सगळ्यांत नवं, म्हणून सगळ्यांत संशयास्पद. शिवाय पुष्टिमार्गात, म्हणजे याच वल्लभ संप्रदायात, अधिकार निव्वळ पुस्तकात नसतो, तो वल्लभकुळात आणि सेवेच्या परंपरेत असतो. कोर्टात मात्र वल्लभाचार्यांचे नातू गोकुळनाथजी यांच्या टीकेतल्या ओळी भाषांतर करून वाचल्या गेल्या. ब्रह्मसंबंधाच्या, म्हणजे संप्रदायाच्या दीक्षेच्या, वेळी भक्त जे अर्पण करतो ते कृष्णाला की गुरूला, आणि त्यात पत्नी आणि कन्या शब्दशः येतात का, यावर खल झाला. दीक्षेचा विधी करारपत्रासारखा वाचला गेला.

करसनदासच्या लेखातली एक गंमत सहसा नजरेतून सुटते. त्याची सुरुवात वेदांपासून होत नाही. कलियुगात पाखंडी मतं माजतील असं पुराणांत सांगितलं आहे, या आधारावर तो उभा राहतो. म्हणजे त्याच्या हातातलं हत्यार पूर्णपणे देशी आहे: कलियुग, पाखंड, पुराणाचं भाकीत. तेच कोर्टात पोचेपर्यंत ‘मूळ शुद्ध धर्म आणि नंतरचा भ्रष्टाचार’ या प्रोटेस्टंट गोष्टीत बेमालूम मिसळून गेलं, इतकं की करसनदासला भारताचा ल्यूथर म्हटलं जाऊ लागलं. ‘इंग्रजांनी लादलं’ आणि ‘आपलंच होतं’ ही दोन्ही उत्तरं इथे अपुरी पडतात. दोन वेगळ्या कल्पना एका खाचेत बसल्या आणि त्या बसवण्यात इथल्या सुधारकांचा हात विल्सनइतकाच होता.

निकाल करसनदासच्या बाजूने गेला. खर्चापोटी ११,५०० रुपये त्याला मिळाले. आर्नोल्डने निकालात म्हटलं की आमच्यापुढचा प्रश्न धर्मशास्त्राचा नाही, नीतीचा आहे; जे नीतीने चूक ते धर्मशास्त्राने बरोबर असू शकत नाही. व्यभिचाराच्या प्रकरणी हे बरोबरच होतं, आणि त्या बायकांच्या बाजूने पाहिलं तर हा खटला व्हायलाच हवा होता. पण धर्मशास्त्राचा प्रश्न नाही म्हणणाऱ्या त्याच न्यायाधीशापुढे चार वर्षांनी खोजांचा, म्हणजे एका व्यापारी जमातीचा, खटला आला, आणि तिथे तर सरळ हाच प्रश्न होता की हे लोक आहेत कोण. खोजे इस्माइली पिरांना मानत, लग्नाला सुन्नी काजी बोलावत, वारसा हिंदूंसारखा चालवत, आणि त्यांच्या ‘दशावतार’ नावाच्या पवित्र रचनेत विष्णूचा दहावा अवतार अली होता. आर्नोल्डने नोव्हेंबर १८६६मध्ये इतिहास आणि ग्रंथ तपासून ठरवलं की हे शिया इमामी इस्माइली आहेत. खण एक आणि एकच. अली-विष्णूच्या जोडीला कोर्टाच्या वहीत रकाना नव्हता.

युरोपातल्या ग्रंथालयांत याच काळात मोठं वर्गीकरण चाललं होतं. मॅक्स म्यूलरने १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला जगातल्या ग्रंथवाल्या धर्मांची यादी केली ती आठांची: तीन सेमिटिक, तीन आर्य, दोन चिनी. भारताच्या वाट्याला ब्राह्मणधर्म आणि बौद्धधर्म आले. ज्यांना ग्रंथ नाही ते या यादीतच नाहीत. त्याच्या संपादनाखाली १८७९ ते १९१० या काळात ऑक्सफर्डहून पूर्वेकडच्या पवित्र ग्रंथांची पन्नास खंडांची माला निघाली. तिच्यात उपनिषदं आहेत, धर्मसूत्रं, मनू, शतपथ ब्राह्मण, वेदान्तसूत्रं आहेत. गीता आहे आणि तिचं भाषांतर मुंबईच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी केलेलं आहे. पण एकही पुराण नाही. भागवत नाही, तंत्र नाही, तमिळ आळवार नाहीत, ज्ञानेश्वरी आणि गाथा तर दूरच. पंढरपूरच्या वारीला चाललेल्या माणसाचा धर्म त्या पन्नास खंडांत शोधायला गेलात तर हाताला काही लागणार नाही.

आणि ‘जागतिक धर्म’ या यादीत हिंदू धर्म सुरुवातीला नव्हताच, हे बहुतेकांना माहीत नसतं. डच अभ्यासक टीलेने जे वर्गीकरण रूढ केलं त्यात राष्ट्रीय धर्म वेगळे आणि वैश्विक धर्म वेगळे. वैश्विक तीनच: बौद्ध, ख्रिस्ती, इस्लाम. एका देशाला आणि जातीला बांधलेला म्हणून ब्राह्मणधर्म राष्ट्रीय रकान्यात. शिकागोला १८९३मध्ये विवेकानंदांनी ‘हिंदू धर्म’ या विषयावर निबंध वाचला तो या पार्श्वभूमीवर. पुढे १९१५पासून मॅक्स वेबरने जागतिक धर्मांवरचे लेख लिहिले तेव्हा मोजमाप बदललेलं होतं. त्याने सरळ अनुयायांची संख्या पाहिली, आणि त्या मापाने हिंदू धर्म आत आला.

ही संख्या जनगणनेतून आली, आणि जनगणनेत ‘हिंदू’ हा बराचसा उरलेल्यांचा रकाना होता. मुसलमान, ख्रिस्ती, जैन, शीख, पारशी वगैरे वजा केल्यावर जे राहतात ते हिंदू. १९११च्या गणनेपूर्वी आयुक्त गेट यांनी प्रांतांना एक परिपत्रक धाडलं. हिंदू म्हणून नोंदल्या जाणाऱ्या कोणत्या जाती-जमाती ब्राह्मणांचं श्रेष्ठत्व मानत नाहीत, वेदप्रामाण्य मानत नाहीत, ब्राह्मणाकडून किंवा मान्य गुरूकडून मंत्र घेत नाहीत, मोठ्या देवांना पूजत नाहीत, देवळात ज्यांना प्रवेश नाही, ज्यांचा विटाळ होतो, जे प्रेतं पुरतात, गोमांस खातात, अशा दहा कसोट्या. मागे राजकीय हिशेब होताच: १९०९च्या सुधारणांत मुसलमानांना वेगळे मतदारसंघ मिळाले होते, त्यामुळे अस्पृश्यांना हिंदूंत धरायचं की नाही यावर हिंदूंचा आकडा ठरणार होता. आंबेडकरांनी अस्पृश्यतेवरच्या ग्रंथात या दहा कसोट्या पूर्ण उतरवल्या आहेत.

उत्तरं आली ती मात्र चौकटीचीच परीक्षा घेणारी. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, म्हणजे आजचा विदर्भ ज्यात येतो तिथे, हिंदू म्हणून नोंदल्या गेलेल्यांपैकी एक चतुर्थांश लोक ब्राह्मणांचं श्रेष्ठत्व आणि वेदांचं प्रामाण्य मानत नव्हते. निम्म्याहून जास्त लोकांनी मान्य गुरूकडून मंत्र घेतलेला नव्हता. एक तृतीयांशांना देवळात प्रवेश नव्हता. दोन पंचमांश गोमांस खात होते. गुजरातच्या भागात काही जातींचे आचार इतके मिसळलेले होते की मुंबई इलाख्याच्या अधीक्षकाने ‘हिंदू-मुहंमदन’ असा जोडशब्दच वापरला आणि त्याबद्दल वरून बोलणी खाल्ली.

कसोटी आणि माणसं जुळत नाहीत असं दिसल्यावर कसोटी बदलायची की माणसं वगळायची, यावर पुढची शंभर वर्षं भांडण चाललं आहे. टिळकांनी जी व्याख्या केली ती अशी: ‘प्रामाण्यबुद्धिर्वेदेषु साधनानामनेकता। उपास्यानामनियम एतद्धर्मस्य लक्षणम्॥’ साधनं कितीही, उपास्य कुठलंही, पण वेद प्रमाण. वेद पहिल्या चरणात आहेत हे लक्षात ठेवा. अहमदाबादच्या स्वामिनारायण मंदिरात दलितांना प्रवेश द्यावा लागू नये म्हणून सत्संगी, म्हणजे त्या संप्रदायाचे अनुयायी, कोर्टात गेले. आपला संप्रदाय हिंदू नाही, म्हणून मुंबईचा मंदिरप्रवेश कायदा आपल्याला लागू नाही, असा त्यांचा दावा. जानेवारी १९६६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. निकाल सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांचा. त्यात ऑक्सफर्डचा संस्कृत अभ्यासक मॉनियर विल्यम्स याचा आधार आहे आणि टिळकांचा हाच श्लोक आहे. म्हणजे मंदिर उघडलं ते एकोणिसाव्या शतकातल्या त्याच चौकटीच्या बळावर, ज्या चौकटीने १९११मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या चौथ्या हिश्शाला हिंदूपणाच्या कसोटीत नापास केलं होतं.